केफी येतं, मेराकी ओतावं लागतं

भारतातल्या मोठ्या शहरांत हिंडताना 'मेराकी' नावाचं एखादं कॅफे, कपड्यांचं दुकान किंवा स्टुडिओ तुम्हाला दिसला असेल. दुकानाच्या पानावर या नावाचा अर्थही बहुतेक वेळा दिलेला असतो: आपल्या कामात आत्म्याचा अंश ठेवणं. 'केफी' त्या मानाने कमी फिरतो, पण ग्रीसच्या सहलींच्या जाहिरातींत तो हमखास भेटतो. तिथे त्याचा अर्थ जीवनाचा उत्कट आनंद वगैरे असतो. हे अर्थ चूक आहेत असं नाही. पण ते इतके उंचावर नेऊन ठेवलेत की ग्रीक माणूस हे शब्द सकाळी दाढी करताना, भाजी घेताना, शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल बोलताना वापरतो, यावर आपला विश्वासच बसणार नाही.

हे दोन शब्द समजून घ्यायची सोपी वाट म्हणजे त्यांची व्याख्या बाजूला ठेवायची आणि ग्रीक लोक त्यांना कोणती क्रियापदं जोडतात ते बघायचं. केफी 'येतं', 'पेटतं', 'चढतं', 'बिघडतं'. मेराकी 'असतं', 'घालतात', 'ओततात', आणि कधीकधी ते 'उरतं'. या फरकात बरंचसं गुपित आहे. केफी आपल्यावर येणारी गोष्ट आहे, मेराकी आपल्यातून जाणारी.

केफीपासून सुरुवात करू. रोजच्या बोलण्यात तो अगदी साधा शब्द आहे, 'मूड'च्या जवळचा. 'देन एखो केफ्या' म्हणजे आज माझं मन लागत नाही, आज मला नाही गंमत वाटत. मित्रांनी बाहेर जायचं ठरवलं आणि एकाने हे वाक्य टाकलं की बाकीचे कारण विचारत बसत नाहीत, कारण केफी नसणं हेच पुरेसं कारण आहे. अशा उदास, निरुत्साही माणसाला 'आकेफोस' म्हणतात आणि त्या अवस्थेला 'आकेफ्या'. उलट हसतखेळत असलेला तो 'केफातोस'. 'कानो तो केफी मू' म्हणजे मी माझ्या मनाला येईल ते करतो, आणि त्यात थोडा बेफिकीर सूर असतो. 'तोन कानो केफी' असं एखाद्या मुलीने मुलाबद्दल म्हटलं तर तिला तो आवडतो, मनात भरलाय. एका शब्दाचा हा पसारा पाहिला की 'जीवनाचा उत्कट आनंद' हे भाषांतर किती भरजरी आहे ते कळतं.

मराठी वाचकाला या शब्दाची ओळख करून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. केफी ग्रीकमध्ये आला तुर्की 'केयिफ'वरून, आणि तुर्कीत तो आला अरबी 'कैफ'वरून. मराठीत फारसीमार्गे आलेला 'कैफ' तोच. अरबीत या मुळाचा मूळ अर्थ 'कसा' असा आहे. 'कसा आहेस' मधला कसा. त्यावरून अवस्था, मग चांगली अवस्था, मग सुख, असा अर्थ सरकत गेला. आपल्या कोर्टातली 'कैफियत', म्हणजे काय आणि कसं घडलं ते सांगणारं निवेदन, तीही याच घरातली. मराठीत मात्र कैफ नशेकडे झुकला. सत्तेचा कैफ, यशाचा कैफ, असं आपण म्हणतो आणि त्यात जरा इशारा असतो की हे उतरणार आहे. ग्रीकमध्ये तो इशारा नाही. रुमानियात याच शब्दाचा अर्थ मौजेची मैफल होतो, बोस्नियात तो 'चेइफ' होऊन स्वतःच्या लहरीप्रमाणे निवांत सुख भोगण्यापर्यंत जातो. ऑटोमन साम्राज्य जिथवर पसरलं होतं तिथवर हा शब्द आपापल्या गावचं पाणी प्यायला आहे.

आता केफीचा दुसरा, दाट अर्थ. एकट्याचा मूड नव्हे, तर चार लोकांत मिळून चढणारी अवस्था. ती बघायची तर इकारिया बेटावर ऑगस्टात जावं. पूर्व एजियन समुद्रातलं, सामोसच्या शेजारचं हे डोंगराळ बेट. उन्हाळाभर इथल्या गावागावांत 'पानिगिरी' म्हणजे ग्रामदैवताच्या, खरं तर संताच्या, सणाची जत्रा भरते. 15 ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो आणि त्या दिवशीची लांगादा गावची पानिगिरी बेटभर प्रसिद्ध आहे. आयोजन गावकऱ्यांचं असतं. मोठमोठ्या कढयांत बोकडाचं मांस उकडतात, लोक रांगेत उभं राहून मांस, सॅलड, पाव आणि वाइन विकत घेतात, लांबलचक टेबलांवर ओळखीचे-अनोळखी शेजारी शेजारी बसतात. जो पैसा उरतो तो गावच्या कामांना जातो, रस्ता असो, शाळा असो की चर्च.

सुरुवातीला, म्हणजे संध्याकाळी, तिथे केफी नसतं. असतात ती भुकेली माणसं, रडणारी पोरं आणि गाडी कुठे लावायची याची भांडणं. व्हायोलिनवाला वाजवत असतो, पण नाचणारे मोजकेच. मग जेवणं होतात, ग्लास भरले जातात, कोणीतरी उठतं. इकारियाचा स्वतःचा नाच आहे, 'इकारियोतिकोस'. त्यात माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग करतात. ती रांग गोलाकार वळत जाते आणि ज्याला वाटेल तो मधे शिरतो. नाच संथपणे सुरू होतो आणि हळूहळू वेग घेतो. मध्यरात्र उलटली की रांग इतकी वाढलेली असते की आपल्या खांद्यावर कोणाचा हात आहे हे बघायची गरज राहत नाही. यालाच म्हणतात 'आनाप्से तो केफी', केफी पेटलं. कोणी घोषणा करून ते पेटवत नाही. गायक कितीही ओरडला, 'चला, केफी आणा,' तरी ते येईलच असं नाही, आणि न ओरडता ते एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी, तीन मित्रांच्या टेबलावर, अचानक येऊन बसतं.

मग केफी यायला लागतं तरी काय? ग्रीक लोक याचं उत्तर 'पारेआ' असं देतात. पारेआ म्हणजे आपली मंडळी, आपला कंपू. एकट्याने बसून चढते ती नशा, आणि एकटं बसून केफी आलं असं सहसा कोणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट हिशेब न करणं. एव्थिमिओस पापाताक्सिआर्खिस या ग्रीक मानववंशशास्त्रज्ञाने लेस्वोस बेटावरच्या गावातल्या कॉफीगृहांत पुरुषांच्या मैत्रीचा अभ्यास केला. त्याला असं दिसलं की घराची जबाबदारी, कर्ज, देणीघेणी यांचं जे जग आहे त्याच्या बरोबर उलट्या बाजूला केफी उभं असतं. म्हणून तिथे एकमेकांना पेय पाजण्याला, 'केरास्मा'ला, इतकं महत्त्व. मी तुला पाजलं, तू मला पाज, असा सरळ व्यवहार दिसू लागला की टेबल थंड पडतं. बिल फोडून प्रत्येकाने आपापला वाटा मोजायला घेतला की जुन्या वळणाचा ग्रीक तोंड वाकडं करतो, त्यामागे हीच गोष्ट आहे. तरुण मंडळी आता सर्रास बिल वाटून घेतात. तरी वडीलधाऱ्यांसमोर ते करताना थोडी चोरी वाटते.

दारूचं नातं नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे बाहेरचे हमखास घसरतात. उझो किंवा वाइन असते, बहुतेक वेळा सोबत मेझे म्हणजे छोट्या बशांतलं खाणंही असतं, आणि पिणं हळूहळू होतं. झिंगून पडणारा माणूस केफीत आहे असं कोणी म्हणत नाही, तो फक्त झिंगलेला आहे आणि त्याची लाज वाटते. सीमारेषेवरच्या माणसासाठी तुर्कीवरूनच आलेला वेगळा शब्द आहे, 'त्साकिर केफी', जरासा तरंगणारा. केफी बिघडलं हे ओळखायच्या खुणाही ठरलेल्या आहेत. आवाज वाढतो पण बोलणं एकमेकांशी होत नाही. एकजण दुसऱ्याला नाचायला ओढू लागतो. कोणीतरी जुना पैशांचा विषय काढतं. 'मू खालासे तो केफी', माझं केफी बिघडवलंस, हे वाक्य अशा वेळी येतं, आणि ते गंभीरपणे बोललेलं असतं.

केफी सगळ्यांना सारखं मिळतं असंही नाही. 1980च्या दशकात जेन कोवन या मानववंशशास्त्रज्ञाने थेसालोनिकीजवळच्या सोहोस गावात नाचाच्या समारंभांचा अभ्यास केला. तिला दिसलेली गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघरात ओळखीची वाटेल. बाईने नाचावं, हसावं, केफी दाखवावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते, पण किती, यावर सगळ्यांची नजरही असते. पुरुषाने जरा जास्त केलं तर तो रंगात आला, आणि बाईने तेवढंच केलं तर ती बोलण्याचा विषय. शहरांत हे बरंच सैल झालं आहे, पण पूर्ण सुटलेलं नाही.

आता यातला कठीण भाग. केफी म्हणजे निव्वळ आनंद असता तर 'झेइबेकिको' हा नाच समजावताच आला नसता. हा एकट्याने करायचा, नऊ मात्रांचा, जड पावलांचा नाच. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, झेयबेक लोकांच्या नाचावरून तो आला, आणि 1922 नंतर तिथून लाखोंनी ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांसोबत आणि पिरेअस बंदराभोवतीच्या 'रेबेतिको' गाण्यांसोबत तो ग्रीक शहरांत रुजला. गाण्यातले शब्द विरहाचे, तुरुंगाचे, आईच्या मरणाचे. नाचणारा हात पसरून, मान खाली घालून, तोल जातोय की काय असं वाटेल इतका हळू फिरतो. त्याचे मित्र भोवती एक गुडघा टेकून बसतात आणि टाळ्या वाजवतात. कोणी मधे जात नाही. संपल्यावर वाहवा करायचीही पद्धत जुन्या लोकांत नव्हती, कारण तो कोणाला दाखवायला नाचलेला नसतो. तो हसत नाही, कधी डोळ्यांत पाणी असतं, आणि तरीही टेबलावरचे म्हणतील, त्याला केफी आलं. कारण आत जे साठलं होतं ते या एका गाण्याच्या वेळात बाहेर यायला जागा मिळाली.

ही जागा किती जपलेली असायची याचा भयंकर दाखला 1973च्या फेब्रुवारीतला आहे. पैसे देऊन वादकांकडून खास आपल्यासाठी गाणं वाजवून घेण्याची पद्धत होती, तिला 'परांगेलिया' म्हणतात. त्या गाण्यावर इतर कोणी उठायचं नाही, असा संकेत. अथेन्समधल्या एका रात्रीच्या गाण्याच्या जागी निकोस कोएमझिस नावाच्या माणसाच्या भावाने असं गाणं सांगितलं, तो नाचत असताना दुसरेही मधे आले, मारामारी झाली, आणि कोएमझिसने सुऱ्याने तीन पोलिसांना मारलं. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती पुढे टळली आणि त्याने आयुष्याची बरीच वर्षं तुरुंगात काढली. गाण्यांतून, चित्रपटातून ही घटना ग्रीकांच्या आठवणीत राहिली. खुनाचं समर्थन त्यात नाही, असू नये. पण त्या जागी पाऊल टाकणं म्हणजे काय, हे ग्रीसमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आज झेइबेकिकोवर दहा जण एकदम उठतात, बाया नाचतात, लग्नात नवरा-नवरी नाचतात. परांगेलियाचा तो कडक कायदा गेला, हे बरंच झालं म्हणायचं.

ग्रीक लोक रंगात आले की बशा फोडतात म्हणे, त्याचं काय, असा प्रश्न येणारच. होय, केफी चढलं की बशा फोडायचे. 1969 मध्ये लष्करी राजवटीने त्यावर बंदी घातली. पुढे गाण्याच्या क्लबांत बशांची जागा फुलांनी घेतली, आणि आता गायकावर कार्नेशनच्या ताटल्याच्या ताटल्या उधळतात, त्याही विकत घेऊन. पर्यटकांसाठी आजही प्लास्टरच्या बशा फोडायला ठेवलेल्या सापडतात. त्याच जागी 'झोर्बाचा नाच' म्हणून सिर्ताकी लावतात. तो नाच 1964 च्या 'झोर्बा द ग्रीक' या चित्रपटासाठी जुन्या नाचांतून बांधून काढलेला आहे. त्यावर नाचताना कोणाला केफी येऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण रोज संध्याकाळी आठ वाजता, ठरलेल्या वेळी येणारं केफी म्हणजे नुसता कार्यक्रम.

आता मेराकी. हा शब्दही तुर्कीतूनच आला, 'मेराक'वरून. तुर्कीत आजही 'मेराक एत्मे' म्हणजे काळजी करू नकोस, आणि 'मेराकली' म्हणजे चौकस, उत्सुक. काळजी, उत्सुकता आणि ध्यास एकाच शब्दात कसे आले? कोशकार हा धागा अरबी वैद्यकापर्यंत नेतात. 'मराक्क' म्हणजे पोटाचा खालचा मऊ भाग. विषण्णतेचा एक प्रकार पोटातून उगम पावतो असं जुने वैद्य मानत आणि त्या दुखण्याला या भागाचं नाव होतं. गंमत अशी की ही कल्पना अरबांनी ग्रीक वैद्यांकडूनच घेतली होती. 'हायपोकाँड्रिया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा. म्हणजे पोटातलं हे दुखणं ग्रीकांकडून अरबीत गेलं, अरबीतून तुर्कीत, आणि शेकडो वर्षांनी वेगळ्याच पोशाखात ग्रीसमध्ये परत आलं.

ते दुखणं मेराकीतून पूर्ण गेलेलं नाही, आणि इंटरनेटवरच्या व्याख्यांत नेमकं हेच गळतं. 'तो एखी मेराकी पू देन स्पूदासे', म्हणजे आपण शिकलो नाही याचं त्याला मेराकी आहे. इथे मेराकी म्हणजे सल. लोकगीतांत प्रेमाच्या झुरण्यालाही मेराकी म्हणतात. 'मला फार मेराकी आहे एकदा तिथे जायचं' यात ती ओढ आहे, मनात धरून बसलेली. म्हणून एखादा माणूस काम 'मे मेराकी', मेराकीने, करतो तेव्हा त्यात फक्त प्रेम नसतं. ते काम नीट झालं नाही तर त्याला झोप लागणार नाही, हेही असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ग्रीक कॉफी, कारण तिथे मेराकी डोळ्यांना दिसतं. छोट्या कपाने गार पाणी मोजून 'ब्रिकी'त, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, घालायचं. एका कपाला साधारण साठ-सत्तर मिलिलिटर. त्यात पिठासारखी बारीक दळलेली कॉफी एक भरगच्च चमचा. साखर कॉफीबरोबरच घालायची, नंतर नाही, म्हणून मागवतानाच सांगावं लागतं: 'स्केतोस' बिनसाखरेची, 'मेत्रिओस' एक चमचा साखरेची, 'ग्लिकोस' दोन चमच्यांची. मंद आचेवर ठेवून कॉफी मिसळेपर्यंत ढवळायचं आणि मग चमचा बाहेर. यापुढे हात लावायचा नाही, फक्त बघायचं. कडेने फेस जमू लागतो, आतल्या बाजूला सरकतो, आणि मग सगळा फेस एकदम वर चढू लागतो. त्या फेसाला 'काइमाकी' म्हणतात, तुर्कीत तो शब्द सायीचा. फेस काठाशी आला आणि खालून उकळी फुटायच्या आत भांडं उचलायचं. दोन-तीन सेकंदांची वेळ असते. उचलायला उशीर झाला तर कॉफी खळखळते, फेस फुटतो, आणि कपात वर मोठे बुडबुडे तरंगणारं काळं पाणी येतं. एकापेक्षा जास्त कप असतील तर आधी प्रत्येक कपात थोडा थोडा फेस वाटायचा, मग बाकीची कॉफी ओतायची. गाळायची नाही. गाळ तळाशी बसायला दोनेक मिनिटं द्यायची, सोबत गार पाण्याचा ग्लास.

यात अवघड काही नाही, पण घाई चालत नाही. म्हणून बऱ्याच कॅफेंत एस्प्रेसोच्या मशीनची वाफ ब्रिकीत सोडून अर्ध्या मिनिटात कॉफी उरकतात. प्यायला ती ठीकच लागते. शौकीन मात्र अजूनही गरम राखेत किंवा वाळूत ब्रिकी रुतवून कॉफी करणाऱ्या जागा शोधतात. त्या गरम राखेला 'होवोली' म्हणतात, आणि तशा कॉफीला 'मेराक्लीदिकोस', मेराकीवाली. तिची खूण विचाराल तर बारीक, दाट, बुडबुडे नसलेला फेस कडेपर्यंत.

कॉफी करणाऱ्याला 'मेराक्लीस' म्हणतील. पण ती समजून पिणाऱ्यालाही मेराक्लीसच म्हणतात, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं दिसतं. बाई असेल तर 'मेराक्लू'. नेमका टोमॅटो निवडणारा, शर्ट नीट इस्त्री करून घालणारा, गाणं कुठे उचललं जातं ते कळणारा, हे सगळे मेराक्लीस. आपल्याकडचा शौकीन आणि हौशी यांच्या मधला कुठला तरी माणूस. गाणं ऐकता ऐकता मन भरून आलं, हात आपोआप ताल धरू लागला, तर 'मेराक्लोथिके' म्हणतात, त्याला मेराकी चढलं. इथे दोन्ही शब्द एकमेकांना भेटतात. झेइबेकिकोला उठणारा माणूस बहुधा आधी मेराक्लोथिके झालेला असतो.

कामाच्या बाबतीत मात्र दोन्ही वेगळे ठेवावे लागतात. समजा, दोन रंगारी आहेत. पहिला गाणी म्हणत, शिट्ट्या घालत रंगवतो, दुपारी दोनला काम संपवून हसत निघून जातो. त्याने 'मे केफी' काम केलं. खिडकीच्या कोपऱ्यात डाग राहिले असतील तर तो भाग वेगळा. दुसरा सकाळपासून कुरकुरतो, जुना थर नीट खरवडला नाही म्हणून चिडतो, तोच कोपरा तीनदा काढतो, तुमच्याशी धड बोलतही नाही. त्याने 'मे मेराकी' काम केलं. घरमालकाला पहिल्यासोबत चहा घ्यायला आवडेल, दुसऱ्याकडून घर रंगवून घ्यायला. एकाच माणसात दोन्ही असलं तर नशीबच. मेराकीच्या अगदी विरुद्ध 'आंगारिया' हा शब्द आहे, म्हणजे वेठबिगार. आपण म्हणतो ना नुसत्या पाट्या टाकल्या, तसं ते लोक म्हणतात, आंगारिया म्हणून केलं.

मेराकी मोजक्या कामांनाच लागतं असं नाही, पण काही ठिकाणी हा शब्द सहज बसतो. स्वयंपाक, बाग, सुतारकाम, शिवणकाम, वाद्य, मुलाच्या वाढदिवसासाठी हाताने केलेली सजावट. जिथे यापेक्षा कमी केलं असतं तरी चाललं असतं, तिथे तो येतो. विमा कंपनीचा अर्ज मेराकीने भरला असं कोणी म्हणालं तर लोक हसतील. तसंच पैशासाठी केलेल्या कामाला मेराकी नसतं असं समजू नका. बेकरीवाला पाव विकायलाच भाजतो, तरी त्याच्या पावात ते असू शकतं.

जाहिरातदारांनी हा शब्द ग्रीसमध्येही पार वापरून गुळगुळीत केलाय. टाव्हर्नांच्या, म्हणजे तिथल्या खाणावळींच्या, पाट्यांवर, चिजाच्या डब्यांवर, बिस्किटांच्या पाकिटांवर 'मेराकीने बनवलेलं' लिहिलेलं असतं. केफीचंही तेच. कार्निव्हलच्या बातम्यांत 'केफी आणि नाच' ही जोडी दरवर्षी ठरलेली, पाऊस पडून निम्मे लोक घरी गेले असले तरी. तेव्हा पाटीवरचा शब्द सोडून द्यावा आणि माणसाच्या तोंडचा ऐकावा.

ग्रीसला जाऊन हे शब्द वापरायचेच असतील तर मेराकी सोपा पडेल. जेवण खरोखर आवडलं तर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना 'फेनेते तो मेराकी', मेराकी दिसतंय, इतकं म्हटलं तरी पुरे. मात्र समोर तसं काही असेल तरच म्हणा. मेनूकार्डवरचा शब्द वाचून म्हटलंत तर त्यांना ते लगेच कळेल. केफीच्या बाबतीत टेबलावरच्या लोकांना 'आता केफी आलं का?' असं विचारू नये. ते आलं असलं तर उत्तर द्यायला कोणी बसलेलं नसतं, सगळे उठलेले असतात.